गुरुजींच्या लेखातली टिळक-१९२४ ची चूक त्यांना कशी कळवावी?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या खानापूर तालुक्यातल्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका निघतेय आणि संपादनाचं काम माझ्याकडं आलंय. एक निवृत्त गुरुजी आहेत, पंच्याऐंशीच्या पुढचे, निम्मा गाव त्यांच्या हाताखाली शिकलाय, मीपण. त्यांनी फार सुंदर लेख दिलाय, जुना बाजार, बैलगाड्या, प्लेगच्या वेळी लोक शेतात झोपड्या बांधून राहायचे ते सगळं. पण मधेच एक वाक्य आहे, जसंच्या तसं देतो.

"१९२४ साली बेळगावात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात माझ्या आजोबांनी लोकमान्य टिळकांचं भाषण ऐकलं आणि तिथून ते पायी गावी परतले."

आता टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले. १९२४ च्या अधिवेशनाचे अध्यक्ष महात्मा गांधी. म्हणजे हे वाक्य छापलं तर बेळगावात ज्याच्या हातात स्मरणिका पडेल तो पहिल्यांदा हेच बोट ठेवून दाखवणार आणि बाकीचा लेख कुणी वाचायचा नाही. गुरुजींनी आयुष्यभर पोरांना १ ऑगस्टला टिळकांवर भाषणं करायला लावली, त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू की टिळक तेव्हा हयात नव्हते? त्यांना वाईट वाटू नये, खजील व्हायला होऊ नये, आणि चूकही राहू नये. पत्र पाठवायचा विचार आहे कारण फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. कसं लिहावं?

निपाणीकर_७७

एवढा विचार कशाला करताय, प्रूफ तुमच्याच हातात आहे ना, टिळक काढा गांधीजी घाला, विषय संपला. गुरुजींच्या लक्षातपण येणार नाही आणि आलं तरी बरंच झालं म्हणतील. ऱ्हस्व दीर्घ दुरुस्त करताना विचारता काय?

घाटावरचा

बेळगाव की बेळगावी याचा वाद असेल तर लेखकाने लिहिलंय तेच ठेवावं असं माझं मत. २०१४ ला नाव बदललं म्हणून १९२४ च्या लेखात कशाला बदलायचं?

मलप्रभाकाठ

@घाटावरचा नाही हो, नावाचा प्रश्नच नाहीये, टिळक आणि सालाचा घोळ आहे, वरचं वाक्य परत वाचा.

@निपाणीकर मला तेच करावं वाटलं होतं पहिल्यांदा, पण मन होईना.

तिसरं_गेट

मन झालं नाही ते बरोबरच झालं. मी बरीच वर्षं एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचं आणि पुरवणीचं टेबल सांभाळलंय, त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो.

ऱ्हस्व दीर्घ गुपचूप दुरुस्त करतात, त्यात कुणाचं काही जात नाही. माहिती गुपचूप बदलली की दोन गोष्टी होतात. एक, छापून आल्यावर लेखक आपला लेख सगळ्यात आधी वाचतो, आणि नातवंडांसमोर मोठ्यानं वाचतो. तिथं त्यांना कळणार की आपली चूक झाली होती, ती ह्यांना कळली आणि आपल्याला न सांगता झाकली. हे सांगण्यापेक्षा जास्त लागतं. दुसरं म्हणजे, आणि इथं जरा थांबा, तुम्ही टिळकांच्या जागी गांधीजी घालणार ते कशावरून? तेच बरोबर आहे हे तुम्हाला कुठं माहीत आहे?

टिळक बेळगावात आले होते की. १९१६ च्या एप्रिलमध्ये इथं मुंबई प्रांतिक परिषद भरली, त्याच सुमाराला टिळकांची होमरूल लीग इथंच बेळगावात स्थापन झाली, आणि १ मे १९१६ ला त्यांचं होमरूलवरचं भाषण झालं ते बेळगावातच. म्हणजे आजोबांनी टिळकांचं भाषण ऐकलं हे शंभर टक्के खरं असू शकतं, फक्त साल १९१६. नाहीतर ते खरोखर १९२४ च्या अधिवेशनाला गेले आणि ऐकलं गांधीजींना. वाक्यात एक काहीतरी चुकलंय, पण साल चुकलंय की माणूस चुकलाय हे तुम्हाला ठरवता येणार नाही, मलापण नाही. ते गुरुजींच्या घरातलं आहे, ते तेच सांगू शकतात.

हीच तुमच्या पत्राची चावी आहे. तुम्ही त्यांची चूक काढायला जात नाही आहात, तुम्हाला त्यांच्याकडून खरंच एक माहिती हवी आहे.

शहापूरची_सून

किती छान सांगितलंत. आमच्याकडं सासरे असेच, आणि मी शिकले ते हे की खोटा प्रश्न विचारायचा नाही. "मामंजी, १९२४ च होतं का हो ते?" असं विचारलं की ते म्हणणार, होय. संपलं. मग पुढं काय बोलणार, "नाही तसं नव्हतं" म्हटलं की त्यांना कळतं की हिला आधीच माहीत होतं आणि ही आपली परीक्षा घेत होती. त्यापेक्षा सरळ सांगितलेलं परवडतं.

तिसरं_गेट

अगदी. आणि शिक्षक माणसाला तर असला प्रश्न लगेच ओळखू येतो, त्यांनी जन्मभर वर्गात तेच केलेलं असतं. उत्तर माहीत असून विचारलेला प्रश्न आणि उत्तर हवं म्हणून विचारलेला प्रश्न, दोन्ही वाचणाऱ्याला वेगळे कळतात. १९२४ होतं का, हा पहिल्या जातीचा. आजोबा कुठल्या प्रसंगाला गेले होते, हा दुसऱ्या.

रानवारा

पुरावा द्यायचा तर एकच वाक्य पुरे, "टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले." याच्यावर कुणी वाद घालू शकत नाही. बाकी होमरूल वगैरे कशाला ओढायचं. शिवाय गांधीजी बेळगावात पहिल्यांदा आलेच मुळी १९२४ ला, त्यामुळं १९१६ मध्ये घोळ व्हायचं कारणच नाही.

तिसरं_गेट

@रानवारा तारीख तुमची बरोबर आहे आणि वाद संपवायला ती पुरेशी आहे हेही खरं. पण गुरुजींबरोबर वाद नाहीये आपला. ती तारीख त्यांना तोंडपाठ आहे, पत्रात ती लिहिली की त्याचा अर्थ "एवढंही तुम्हाला आठवलं नाही का" असा होतो. १९१६ चं भाषण लिहिलं की ते स्वतःच मनात हिशेब करतात आणि १९२० पर्यंत आपणहून पोचतात. तेवढी जागा त्यांना ठेवावी.

१९२४ चं अधिवेशन एवढं मोठं झालं की गांधीजी म्हटलं की बेळगावात सगळ्यांना तेच आठवतं, त्यामुळं १९१६ ची गोष्ट मागं पडलीय. त्या प्रांतिक परिषदेला गांधीजीसुद्धा आले होते आणि बोललेही होते. म्हणजे टिळक आणि गांधीजी दोघंही एकाच वेळी बेळगावात होते. आता बघा, ज्या घरात ही आठवण तोंडी आली असेल तिथं पुढं अधिवेशन गाजल्यावर दोन्ही एकात मिसळणं किती साहजिक आहे.

रानवारा

अरे हे नवीनच कळलं. मग गुरुजींच्या आजोबांनी दोघांनाही एकदमच बघितलं असण्याची शक्यता झाली की!

तिसरं_गेट

झाली ना. म्हणून तर म्हणतो साल परस्पर बदलू नका.

हुक्केरीचा_बाळू

आमचं बी सांगतो. माझं खताचं दुकान हाय. एक शेतकरी, वयानं मोठा, त्यानं आमच्या वॉट्सॅप ग्रुपवर टाकलं की डीएपी घाला त्यात शेहेचाळीस टक्के पोटॅश असतंय, ऊस जाड होतोय. आता डीएपी म्हंजे अठरा नत्र, शेहेचाळीस स्फुरद, पोटॅश शून्य. ग्रुपवर एकानं लगेच हसायचं चित्र टाकलं. तेव्हापास्नं त्यो माणूस ग्रुपवर काय लिहीतच नाही बघा, आनी अनुभव तर सगळ्यात जास्त त्येचाच. मी काय केलं, दुकानात आला तेव्हा पोतं फिरवून तीन आकडे दाखवले, अण्णा ह्यो तिसरा बघा, शून्य हाय, तुमच्या उसाला पोटॅश पायजे हे तुमचं बरोबर हाय, मग एमओपी बी न्या जोडीला. न्हेलं की लगेच. पोत्यानं सांगितलं, मी नाही सांगितलं.

शहापूरची_सून

बाळूदादा लाखातली गोष्ट. "पोटॅश पाहिजे हे बरोबर" हे आधी म्हटलात ते महत्त्वाचं.

निपाणीकर_७७

म्हणजे आधी कौतुक मग चूक मग परत कौतुक, ते सगळे सांगतात तसं?

तिसरं_गेट

नाही, तसं नाही. बाळूनी अण्णांच्या अनुभवाचं कौतुक केलं नाही, त्याच वाक्यातलं जे बरोबर होतं तेवढं बरोबर म्हटलं. लेख फार सुंदर, भाषा फार सुंदर, आणि मग "मात्र" आला की वाचणारा समजतो वरचं सगळं ह्या मात्रसाठीच होतं. कौतुक करायचं तर वेगळ्या पत्रात करा नाहीतर समोर भेटून करा, ते खरं वाटतं. या पत्रात चुकलेल्या वाक्यातलंच खरं तेवढं धरायचं. इथं खरं काय? आजोबा बेळगावला गेले, मोठ्या माणसाचं भाषण ऐकलं, पायी परत आले. हे सगळं शाबूत राहतंय.

मलप्रभाकाठ

खूप मदत होतेय. मी काल रात्री एक मसुदा लिहिला, टाकतो, बघा.

"आदरणीय गुरुजी, सा. न. वि. वि. आपला लेख म्हणजे स्मरणिकेचं भूषणच आहे. आपण लिहिलेल्या आठवणी वाचून आम्ही सगळे भारावून गेलो. बेळगावच्या अधिवेशनाचा उल्लेख तर अंगावर काटा आणणारा आहे. त्या काळाविषयी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी माहिती मिळते, काही ठिकाणी १९१६ चाही उल्लेख आढळतो. तरी आपल्याला योग्य वाटल्यास एकदा नजर टाकावी ही नम्र विनंती. आपला आज्ञाधारक."

तिसरं_गेट

मनापासून लिहिलंय, पण हे पाठवू नका. गुरुजी हे वाचतील, आनंदी होतील, आणि "लेख आवडला हे वाचून समाधान वाटलं, छापावा" असं उत्तर पाठवतील. माझ्या टेबलावर हे कैक वेळा झालंय, दुरुस्ती एवढी गुंडाळून लिहायची की ती पोचतच नाही. मग दुसरं पत्र लिहावं लागतं आणि ते पहिल्यापेक्षा कडक होतं, कारण आता छापायची वेळ आलेली असते.

आणि "वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी माहिती मिळते" हे तर खरंच नाहीये ना. १९२४ ला अध्यक्ष कोण याच्याबद्दल कुठंही दोन मतं नाहीत. वाईट वाटू नये म्हणून नसलेली शंका तयार केली की ते म्हणणार, मग माझं मत माझं, आणि ते तरी काय चुकीचं बोलले.

पत्रात काय असावं ते माझ्या मते सांगतो. कोणती ओळ ते नेमकं सांगा, म्हणजे पूर्ण लेखावर शंका आहे असं वाटत नाही. दोन्ही प्रसंग तारखांसह साधेपणानं लिहा. घोळ का होऊ शकतो त्याचं खरं कारण द्या, ते कारण तुमच्याकडं आयतंच आहे. गंगाधरराव देशपांडे टिळकांचे जवळचे अनुयायी, आणि तेच १९२४ च्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष. बेळगावात दोन्ही काळांत तोच माणूस पुढं. गुरुजींना हे नाव वाचूनच बरं वाटेल. आणि ही ओळ आहे तशी छापता येणार नाही हे एकदा, एकाच वाक्यात, स्पष्ट लिहा. "तुमची चूक" लिहायचं नाही, "ही ओळ" लिहायचं.

शहापूरची_सून

आणि एकाच पत्रात बाकीच्या चुका घालू नका प्लीज. शुद्धलेखन, तो फोटो कुठला, ओळी कमी करा वगैरे. एक ओळ म्हटली की एकच ओळ. यादी पाठवली की माणूस लेखच मागं घेतो.

रानवारा

आठवण करून देणारं काहीतरी विचारता येईल का? म्हणजे आजोबा काय सांगायचे त्यावरून साल ओळखता येईल असं?

तिसरं_गेट

हे फार चांगलं सुचवलंत. येईल. अधिवेशनासाठी टिळकवाडीत खास विहीर खोदली होती, पंपा सरोवर म्हणायचे, आज आपण काँग्रेस विहीर म्हणतो ती. आजोबा त्या विहिरीबद्दल किंवा विजयनगर नावाच्या त्या मंडपांच्या वसाहतीबद्दल बोलत असतील तर १९२४ नक्की. सूत कातायची गोष्ट निघत असेल तरी १९२४ कडंच जाईल, कारण सभासदानं दर महिन्याला २००० वार सूत द्यायचं असा नियम त्या अधिवेशनात मान्य झाला होता. ऋतूवरूनसुद्धा कळेल. १९१६ ची सभा एप्रिल-मे मधली, ऐन उन्हाळा. अधिवेशन २६ आणि २७ डिसेंबरचं, बेळगावची थंडी. पायी परत येताना ऊन होतं की थंडी होती हे घरात नक्की कुणीतरी ऐकलेलं असतं.

हुक्केरीचा_बाळू

वा! ऊन की थंडी. हे कुणाला बी आठवंल.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचं वाचून दुसरा मसुदा केला. हा बघा.

"आदरणीय गुरुजी, सा. न. वि. वि.

आपल्या लेखातल्या एका ओळीबद्दल विचारायचं आहे, बाकी लेख जसाच्या तसा प्रेसला गेला आहे.

आजोबांनी १९२४ च्या अधिवेशनात लोकमान्यांचं भाषण ऐकलं, अशी ती ओळ आहे. बेळगावात लोकमान्यांचं होमरूलवरचं भाषण झालं ते १ मे १९१६ रोजी, आणि डिसेंबर १९२४ चं अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालं. त्यामुळे ही ओळ आहे तशी छापता येणार नाही. दोन्ही प्रसंग बेळगावचेच, दोन्ही काळांत गंगाधरराव देशपांडे पुढे, आणि १९१६ ला तर गांधीजीही इथे आले होते, तेव्हा घरोघरीच्या आठवणींत हे दोन प्रसंग एकत्र होणं साहजिक आहे.

आजोबा यांतल्या कोणत्या प्रसंगाला गेले हे आपल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. पायी परततानाच्या प्रवासात त्यांनी उन्हाचा उल्लेख केला होता की थंडीचा? टिळकवाडीतल्या नव्या विहिरीबद्दल ते काही बोलत का? त्यावरून ठरवता येईल असं वाटतं.

१९१६ असेल तर ओळ अशी होईल: 'लोकमान्य १९१६ साली बेळगावात आले तेव्हा माझ्या आजोबांनी त्यांचं भाषण ऐकलं आणि तिथून ते पायी गावी परतले.' १९२४ असेल तर: 'महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली १९२४ साली बेळगावात भरलेल्या अधिवेशनाला माझे आजोबा गेले आणि तिथून ते पायी गावी परतले.' आपण सांगाल ती घेतो, किंवा आपण वेगळी लिहून द्यावी. ते पान थांबवून ठेवलं आहे.

आपला विद्यार्थी"

तिसरं_गेट

उत्तम. तयार ओळी दिल्यात हे सगळ्यात चांगलं, त्यांना थरथरत्या हातानं परत काही लिहायला नको, नुसती खूण केली तरी चालेल. दुसऱ्या ओळीत गांधीजींचं "भाषण ऐकलं" घातलं नाहीत तेही बरोबर, ते आपल्याला माहीत नाही. माझी एकच सूचना, पत्र कुणाच्या हातात देऊन "गुरुजींना वाचून दाखव" असं सांगू नका. पाकीट बंद करून त्यांनाच द्या आणि उत्तरासाठी तिथं बसून राहू नका. पहिल्यांदा वाचताना माणूस एकटा असावा.

निपाणीकर_७७

पत्र चांगलं आहे, मान्य. पण "छापता येणार नाही" हे मला अजून कडक वाटतंय. पंच्याऐंशीच्या माणसाला त्याच्याच विद्यार्थ्यानं असं लिहायचं? "बदलून घेऊ या" म्हटलं तर?

तिसरं_गेट

माझ्या मते राहू द्या, ते काढलं तर पत्र परत पहिल्या मसुद्याकडं घसरतं. पण माणूस मलप्रभाकाठ यांच्या ओळखीचा आहे, माझ्या नाही.

शहापूरची_सून

मी निपाणीकरांच्या बाजूची. "बदलून घ्यावी लागेल" एवढं चालेल, अर्थ तोच.

मलप्रभाकाठ

"बदलून घ्यावी लागेल" केलं. आज संध्याकाळी स्वतः नेऊन देतो.

मलप्रभाकाठ

मंडळी, उशिरा लिहितोय. पत्र दिलं, गुरुजी चष्मा शोधायला लागले तेवढ्यात मी निघालो. दोन दिवसांनी त्यांनी नातवाच्या हाती त्याच पत्राच्या मागं लिहून पाठवलं. थोडक्यात असं की आजोबा थंडीचंच सांगायचे, घोंगडी पांघरून निघाले आणि वाटेत एका गावात शेकोटीपाशी रात्र काढली. म्हणजे डिसेंबर. पण लोकमान्यांचं नाव घरात लहानपणापासून ऐकलंय तेही पक्कं, त्यामुळं आजोबा दोन वेळा गेले असावेत असं त्यांना वाटतंय. नंदगडला त्यांची चुलत बहीण आहे, नव्वदीची, तिला विचारून सांगतो, तोवर पान थांबवा म्हणालेत. आणि खाली लिहिलंय, विहिरीचं तू विचारलंस ते बरं केलंस, त्यावर मी अर्धं पान वाढवून देतो.

हुक्केरीचा_बाळू

घ्या! अर्धं पान वाढलं की ओ!

रानवारा

दोन वेळा गेले असतील तर ओळ कशी करणार? दोन्ही घालायच्या?

तिसरं_गेट

बहिणीचं उत्तर येऊ द्या. नाहीच काही ठरलं तर थंडी आणि १९२४ हे घ्यावं, आणि टिळकांचं वेगळ्या वाक्यात, "लोकमान्यांचं भाषण ऐकल्याचंही ते सांगत" असं, साल न घालता. त्यात काही खोटं नाही.

निपाणीकर_७७

साल न घालता ठेवलं की परत कुणीतरी विचारणारच. माझ्या मते खाली संपादकांची टीप टाकावी की टिळक १९१६ ला आले होते.

शहापूरची_सून

टीप नको हो, टीप म्हणजे सगळ्या गावासमोर दुरुस्ती झाली.

मलप्रभाकाठ

टिपेचं गुरुजींनाच विचारतो. प्रेसवाल्याकडून आणखी आठ दिवस मागून घेतलेत.